खाते चोराच्या हाती गेले. गिऱ्हाइकांना काय कळवाल?

हल्ली रोपवाटिकेची मागणी आणि विसार व्हॉट्सॲपवरच ठरतो. समजा, एका रोपवाटिकेच्या मालकाला मंगळवारी सकाळी ओळखीच्या नंबरावरून निरोप आला, "माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे आला आहे, तेवढा पाठवा." त्यांनी पाठवला. तो कोड म्हणजे त्यांच्याच खात्याची किल्ली होती. त्यांच्या मोबाइलवरचे खाते बंद पडले, चोराकडे सुरू झाले. लगेच गटावर निरोप गेला, "मिरचीची रोपे थोडीच उरली आहेत, आजच विसार भरा."

अशा वेळी आपला नंबर घालून पुन्हा कोड मागवावा. तो कोड घातला की चोर बाहेर पडतो. मात्र त्याने आपला पिन लावून ठेवला असेल, तर खाते उघडायला ७ दिवस थांबावे लागते. म्हणून गिऱ्हाइकांना साध्या एसएमएसने, फोनने आणि दुकानाबाहेर फलक लावून कळवावे. मजकूर असा असावा:

"मंगळवारी सकाळी ९ पासून आमच्या व्हॉट्सॲपवरून आलेले निरोप आमचे नाहीत. त्यातील क्यूआर कोडवर पैसे भरू नका, लिंक किंवा फाइल उघडू नका, कोणताही कोड सांगू नका. आमचे बँक खाते बदललेले नाही. आधी दिलेली मागणी कायम आहे. शंका असल्यास पावतीवरील नंबरावर साधा फोन करा. पैसे भरले असल्यास ताबडतोब १९३० वर आणि आपल्या बँकेत कळवा."

या सूचनेत लिंक, नवा नंबर किंवा नवे बँक खाते मुळीच देऊ नका. कारण चोरही अशीच सूचना काढतो, "आमचे खाते हॅक झाले, यापुढे या नंबरावर पैसे पाठवा." खरी सूचना पैसे थांबवायला सांगते, दुसरीकडे वळवायला नाही.

आपल्याला अशी सूचना आली, तर पावतीवरच्या जुन्या नंबरावर साधा फोन करा, व्हॉट्सॲपवरून नको. अशा फसवणुकीत चोराकडे सहसा फक्त व्हॉट्सॲप खाते गेलेले असते. सिम मालकाकडेच असते, म्हणून साधा फोन सहसा मालकच उचलतो.

पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी घेऊन १९३० लावा. चोराने रक्कम काढण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच ती अडवता येते. तो निरोप पुसू नका, cybercrime.gov.in वर तक्रार देताना पुरावा म्हणून लागतो.

खाते परत मिळाल्यावर मालकाने दुहेरी पडताळणीचा पिन लावावा आणि पुन्हा एकदा सर्वांना एसएमएसने तसे कळवावे. तोवर विसार रोपवाटिकेत जाऊन, पावती घेऊनच द्यावा.