ऑडिट, पाऊस आणि मिरजेची गाडी

वाईट गेलेल्या वर्षाची डायरी वाचताना आपण सहसा खोटं शोधत बसतो, आणि ते सापडत नाही. सोयीची सबब बहुधा खरीच असते. पाऊस खरंच पडत असतो, ऑफिसात ऑडिट खरंच चालू असतं. म्हणून एकेक नोंद सुटी वाचून काही कळत नाही. न झालेली एकच गोष्ट धरावी आणि तिच्याबद्दलच्या सगळ्या नोंदी तारखेनिशी एका कागदावर उतरवाव्यात.

उदाहरणादाखल पुण्यातला एक नोकरदार घेऊ. जूनमध्ये मिरजेला त्याच्या आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आई अंथरुणाला खिळली. सगळं ताईनं केलं. हा दिवाळीपर्यंत एकदाच जाऊन आला. त्याच्या नोंदी अशा: जुलैच्या सुरुवातीला ‘शनिवारी निघणार होतो, पाऊस फार, राहून गेलं.’ पंधरा दिवसांनी ‘ऑडिट डोक्यावर. जाणं झालं नाही.’ ऑगस्टमध्ये ‘ताई आहेच तिथे, मी जाऊन वेगळं काय करणार?’ आणि सप्टेंबरात ‘मी गेलो की आईची उगाच लगबग होते.’

एकाखाली एक वाचलं की कारणं बदलत गेलेली दिसतात, निकाल मात्र तोच राहतो. खरी अडचण दूर झाली की माणूस निघतो. इथे पाऊस थांबल्यावर ऑडिट आलं, ऑडिट संपल्यावर ताई आठवली. शिवाय, निघणार होता तो ‘मी’, पण राहून गेलं ते आपोआप. न जाण्याला कर्ताच नाही.

सप्टेंबरची नोंद सगळ्यांत बोलकी आहे. जिला कूस बदलायलाही माणूस लागतो, ती लगबग कशी करणार? पण लिहिताना हे त्याला खटकलं नसणार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं आणि ‘काम मजेदार आहे’ असं पुढच्याला सांगायला लावलं. त्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. नंतर विचारलं तेव्हा काम त्यातल्या त्यात बरं वाटल्याचं एक डॉलरवाल्यांनीच जास्त सांगितलं. वीस डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं. एका डॉलरला ते पुरेना, मग मतच सरकलं. आपल्या माणसाचंही तेच झालं. पाऊस आणि ऑडिट अपुरे पडू लागले, तेव्हा ‘मी न गेलेलंच आईला बरं’ हे त्याला मनापासून पटलं. म्हणून, वागणं तसंच राहून मत बदललेलं दिसलं की त्या पानाशी थांबावं.

पुढचं काम डायरीबाहेरचं. पासबुक, यूपीआयची यादी, फोनमधले फोटो बघावेत. त्यांना आपली बाजू मांडायची नसते. ‘ताईला दर महिन्याला पैसे पाठवतोय’ असं डायरी म्हणते. पासबुकात सहा महिन्यांत दोनच रकमा. ऑडिटच्या त्या शनिवारी दुपारी पानशेतच्या एका हॉटेलात पिठलं-भाकरीचं बिल भरलेलं. (थकलेल्या माणसानं पानशेतला जाऊ नये असं नाही. पण मग डायरीत पानशेत का नाही?) ज्या आठवड्यात एरवी रोज लिहिणाऱ्यानं काहीच लिहिलं नाही, तोही तपासावा.

मात्र इथे उलटी चूक होते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की शेवट ठाऊक असला की तो आधीपासूनच दिसत होता असं वाटतं. ब्रिटिश आणि गुरखे यांच्या लढाईचा मजकूर देऊन त्यांनी वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. ज्याला जो सांगितला, त्याला तोच अधिक संभवनीय वाटला. समजा, आई डिसेंबरात गेली. मग जुलैतला पाऊससुद्धा अपराध वाटू लागतो. त्यासाठी प्रत्येक नोंदीला एवढंच विचारावं: त्या दिवशी मला काय माहीत होतं? त्या शनिवारी गाड्या खरोखर रद्द झाल्या असतील, तर जुलैची नोंद निर्दोष सुटते. ऑगस्टमध्ये ताईनं फोनवर ‘मला आता झेपत नाही’ म्हटल्याचं त्याच डायरीत असेल, तर ऑगस्टची सुटत नाही.

‘मी मुलगा म्हणून नालायकच’ अशी नोंद प्रामाणिक वाटते, पण मला तीही सबबच वाटते. नालायक एकदा म्हणून टाकलं की त्या शनिवारचं आणि न पाठवलेल्या पैशांचं बोलायला नको. ताईलाही त्यातून काही मिळत नाही. उलट तिनंच समजूत घालायची.

सापडलेलं समासात, आजची तारीख घालून लिहावं. जुना मजकूर खोडू नये, पान फाडू नये. आजचा शेराही पुढे कधीतरी याच पद्धतीनं तपासावा लागेल, आणि त्याला जुनं वाक्य जसंच्या तसं हाताशी हवं.