चाळीस एल्बोंचे चौऱ्याहत्तर हजार

सांगलीतल्या एखाद्या प्लंबिंगच्या दुकानात घाऊक व्यापाऱ्याकडून माल येतो आणि सोबत छापील बिल येतं. महिनाअखेरीला अशा बिलांचा गठ्ठा अकाउंटंटकडे जातो. तिथे प्रत्येक बिलातली प्रत्येक ओळ, म्हणजे मालाचं नाव, एचएसएन कोड, नग, दर आणि रक्कम, संगणकात चढवावी लागते. हे हाताने करायचं नसेल तर बिल स्कॅन करायचं, त्या चित्रातली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्यायची आणि ओळी आपोआप भरायच्या. अक्षरं वाचण्याच्या या तंत्राला ओसीआर म्हणतात.

यंत्राला अक्षरं वाचता येतात, पण खरी अडचण त्यापुढे सुरू होते. बातमीतलं एक अक्षर चुकलं तरी वाचणारा अर्थ लावून पुढे जातो. बिलातलं एक टिंब गळलं तर अठरा रुपयांची वस्तू अठराशेची होते.

ओसीआरसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मोफत प्रणालींपैकी एक म्हणजे टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ती घडली आणि २००५ साली तिचा कोड सर्वांसाठी खुला झाला. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती सुटं अक्षर ओळखण्याऐवजी न्यूरल नेटवर्कच्या आधारे अख्खी ओळ वाचते. तिला बिलाचं चित्र द्यायची आज्ञा एवढीच असते:

```
tesseract bill.png out --psm 6 -l eng tsv
```

यातला `--psm 6` म्हणजे पान हा मजकुराचा एकसलग ठोकळा आहे असं समजून वाच, अशी सूचना. शेवटच्या `tsv` मुळे नुसता मजकूर न येता प्रत्येक शब्द पानावर नेमका कुठे आहे आणि यंत्राला त्याची खात्री किती आहे, हेही कळतं.

शब्दाची जागा कळणं फार महत्त्वाचं आहे, कारण बिलावर दिसणारा तक्ता यंत्राला तक्ता म्हणून दिसत नाही. त्याच्या हाती फक्त सुटे शब्द येतात. साधारण एकाच उंचीवरचे शब्द गोळा करून ओळ जुळवावी लागते आणि डावी-उजवी जागा पाहून रकाना ठरवावा लागतो. इथे एक बारकावा आहे. बिलातले आकडे उजवीकडे टेकवून छापलेले असतात, त्यामुळे `590.00` आणि `2220.00` यांची सुरुवात वेगवेगळ्या जागी होते, शेवट मात्र एकाच रेषेत येतो. म्हणून आकड्यांचे रकाने शब्दाच्या उजव्या कडेवरून ओळखायचे आणि मालाचं नाव डाव्या कडेवरून.

कागद तिरका राहिला की हा सगळा हिशेब बिघडतो. ३०० डीपीआयने स्कॅन केलेल्या ए-फोर पानाची रुंदी सुमारे २४८० पिक्सेल असते. पान फक्त एक अंश कललं तरी ओळीचं उजवं टोक डाव्यापेक्षा सुमारे ४३ पिक्सेल वर किंवा खाली जातं, आणि दाट छापलेल्या बिलात दोन ओळींमधलं अंतरच साधारण पन्नास पिक्सेलचं असतं. म्हणजे पहिल्या मालाच्या नावापुढे दुसऱ्या मालाची रक्कम येऊन बसू शकते. त्यामुळे वाचायला देण्याआधी चित्र सरळ करून घेणं भागच असतं. तक्त्याच्या उभ्या रेषाही पुसलेल्या बऱ्या, कारण आकड्याला चिकटलेली रेष यंत्राला `1` वाटते आणि `40` चे `140` होतात.

आता आपल्या दुकानातलं एक बिल घेऊ. उदाहरणापुरतं त्यात चारच ओळी आहेत. यंत्राने त्या अशा वाचल्या:

```
1 PVC Pipe 25mm    3917  12  185.00   2220.00
2 Elbow 25mm       39l7  40    1850    740.00
3 Ball Valve 25mm  B481   6  245.00  1,470.00
4 Solvent Cement   3506   S  1l8.00    590.00
```

खाली करपात्र रक्कम ५,०२०.००, सीजीएसटी ९ टक्के ४५१.८०, एसजीएसटी ९ टक्के ४५१.८०, राउंड ऑफ ०.४० आणि एकूण ५,९२४.०० असं नीट वाचलं गेलंय.

पहिल्या फेरीत दिसण्यातलं साम्य निस्तरायचं. `l` आणि `1`, `S` आणि `5`, `B` आणि `8`, `O` आणि `0` या नेहमी गोंधळ करणाऱ्या जोड्या आहेत. `39l7` चा `3917` होतो, `B481` चा `8481`, `1l8.00` चा `118.00` आणि चौथ्या ओळीतल्या नगांचा `S` म्हणजे `5`. ही अदलाबदल फक्त आकड्यांच्या रकान्यातच करायची. सगळ्या पानाला एकच नियम लावला तर Solvent मधला `S` सुद्धा `5` होऊन बसेल.

विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक दुरुस्त करताना हीच दक्षता अक्षरागणिक घ्यावी लागते. या पंधरा अक्षरांत पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. त्यामुळे चौथ्या जागी शून्य दिसलं तर ते अक्षर `O` असणार आणि नवव्या जागी `O` दिसला तर ते शून्य असणार. चौदाव्या जागी सहसा `Z` असतो आणि यंत्र तो `2` वाचू शकतं. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं. दुरुस्तीनंतर ते जुळलं नाही तर अजून काहीतरी चुकलेलं आहे.

दुसऱ्या फेरीत बिलाचं स्वतःचं गणित कामाला येतं. नग गुणिले दर बरोबर रक्कम. पहिली ओळ: १२ गुणिले १८५ म्हणजे २,२२०, जुळलं. तिसरी: ६ गुणिले २४५ म्हणजे १,४७०, जुळलं. चौथी: ५ गुणिले ११८ म्हणजे ५९०, म्हणजे `S` चा `5` केला तो बरोबरच होता. दुसऱ्या ओळीत मात्र ४० गुणिले १,८५० म्हणजे ७४,००० होतात आणि समोर रक्कम आहे ७४०.

हा दोष यंत्राच्या खात्रीच्या आकड्यावरून पकडता येईलच असं नाही. `1`, `8`, `5`, `0` हे चारही अंक त्याने बरोबर वाचलेत, त्यामुळे खात्री भरपूर असू शकते. हरवलंय ते टिंब. दहा पॉइंटच्या छपाईतलं दशांश चिन्ह ३०० डीपीआयला जेमतेम चार पिक्सेल रुंद असतं आणि १५० डीपीआयला दोन. चित्रातली धूळ काढण्यासाठी लावलेली गाळणी असे बारीक ठिपके पुसते, आणि त्यात दशांश चिन्हही जातं. स्कॅन स्वच्छ करण्याच्या नादात झालेली ही चूक डोळ्यांना दिसतही नाही.

टिंब परत कुठे बसवायचं? दर १८.५० धरला तर ४० नगांचे ७४० होतात. पण दर १,८५० तसाच ठेवून नग ०.४० केले तरी ७४० च होतात. गणिताला दोन्ही उत्तरं चालतात. निवड मालाच्या ज्ञानावर करावी लागते: एल्बो नगावर विकला जातो, अर्धवट नग नसतो, आणि याच बिलातले बाकीचे सगळे दर दोन दशांश स्थळांत छापलेले आहेत. म्हणून १८.५०. हाच माल वायर किंवा केबल असता, मीटरवर विकला जाणारा, तर ही निवड इतक्या सहज करता आली नसती आणि ती ओळ माणसासमोर ठेवावी लागली असती. सूट देणाऱ्या बिलात तर साधा गुणाकार जुळतच नाही. तिथे सुटीचा रकाना आधी ओळखावा लागतो, नाहीतर बरोबर ओळीही चुकीच्या ठरतात.

तिसरी फेरी बेरजेची. २,२२०, ७४०, १,४७० आणि ५९० मिळून ५,०२० होतात. त्याचे नऊ टक्के ४५१.८०, आणि दोन्ही कर मिळवून ५,९२३.६०. चाळीस पैसे राउंड ऑफ धरले की ५,९२४. बेरीज जुळल्याने एकही ओळ सुटली नाही, याचीही खात्री पटते. घडी पडलेल्या जागची चौथी ओळ यंत्राने वाचलीच नसती तर उरलेल्या तीन ओळी आपापल्या जागी बिनचूक दिसल्या असत्या, पण बेरीज नेमकी ५९० ने कमी भरली असती. तसंच `1,470` चा `1,410` झाला असता तर त्या ओळीचा गुणाकार साठने बिघडला असता आणि बेरीजही साठनेच. दोन्हीकडचा फरक सारखा आला की चूक कुठल्या चौकटीत आहे ते बोट ठेवून सांगता येतं.

असा पडताळा किती गरजेचा आहे, ते २०१३ साली जर्मनीत दिसलं. संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांच्या लक्षात आलं की झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केलेल्या घराच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळं बदलली आहेत. २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ असा आकडा आला होता. इथे ओसीआरचा संबंध नव्हता. फाइल लहान करण्याची पद्धत सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होती. आकडा स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचा. असं चित्र पुढे ओसीआरला दिलं तर यंत्र ते बिनचूक वाचेल, आणि चूक गणिताशिवाय दुसऱ्या कशानेही उघड होणार नाही.

गणिताचा धाक नसलेला रकाना म्हणजे मालाचं नाव. `Elbow 25mm` चं `Elb0w 25mm` झालं तर दुकानाच्या मालाच्या यादीशी ताडून ते सुधारता येतं: दोन नावांमध्ये किती अक्षरांचा फरक आहे ते मोजायचं आणि सर्वांत जवळचं नाव घ्यायचं. धोका असा की `Elbow 20mm` आणि `Elbow 25mm` यांतही एकाच अक्षराचा फरक आहे, आणि यादीत ते दोन वेगळे माल आहेत. म्हणून नावातले शब्द सैलपणे जुळवायचे, पण माप जसंच्या तसं जुळलं पाहिजे, असा नियम ठेवतात. आणि यंत्राने मापच चुकीचं वाचलं असेल तर? तेव्हा मागच्या खरेदीचे दर उपयोगी पडतात. २० मिमीचा एल्बो आजवर बारा रुपयांच्या आसपास येत असेल आणि या ओळीत दर साडेअठराचा दिसत असेल, तर एंट्री थांबवून त्या ओळीचं चित्र अकाउंटंटच्या पडद्यावर दाखवायचं. पूर्ण बिल नव्हे, तेवढीच ओळ. कागदावर २५ आहे की २०, हे त्याला एका नजरेत कळतं.