हजारात एकापेक्षा कमी

बाळ जन्मतं, रडतं, पहिले दोन दिवस व्यवस्थित दूध ओढतं. तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुतेकदा सहाव्या-सातव्या दिवशी, ते स्तन तोंडात धरतं पण ओढू शकत नाही. ओठ चुंबळीसारखे आवळले जातात, जबडा उघडत नाही. पुढच्या काही तासांत अंग ताठ होतं, मुठी वळतात, पाठ धनुष्यासारखी वाकते. कुणी हात लावला, दार वाजलं, दिवा लावला की झटका येतो. या सगळ्यात बाळ शुद्धीवर असतं. हा नवजात धनुर्वात. उपचार मिळाले नाहीत तर जवळजवळ प्रत्येक बाळ दगावतं, आणि चांगल्या रुग्णालयातही त्याला वाचवणं सोपं नसतं.

पहिले दोन दिवस बाळ नीट दूध पीत होतं, ही या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जन्मताना गुदमरलेलं बाळ पहिल्यापासूनच ओढत नाही. जंतुसंसर्ग झालेलं बाळ मलूल, लोळागोळा होतं, ताठ सहसा होत नाही. धनुर्वातासाठी खात्रीची रक्ततपासणी नाही, जखमेतून जंतू सापडेलच असंही नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या पूर्णपणे आईच्या आठवणीवर उभी आहे: पहिले दोन दिवस दूध पिणं आणि रडणं नेहमीसारखं, त्यानंतर तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसात पिणं बंद, आणि अंग ताठ किंवा झटके. ही तीन वाक्यं शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा सांगू शकते. पुढे देशाचा निकाल लावताना हीच व्याख्या कामी आली.

जंतूचं नाव क्लोस्ट्रिडियम टेटानी. त्याचे बीजाणू मातीत, शेणात, गुरांच्या आतड्यात असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. उकळत्या पाण्यातूनही काही तगून निघतात. नाळ विळ्याने, जुन्या ब्लेडने किंवा बांबूच्या कपच्याने कापली, घरातल्या कुठल्याशा दोऱ्याने बांधली, वर शेण, राख किंवा मातकट तेल लावलं की बीजाणूंना हवी ती जागा मिळते. नाळेचा उरलेला तुकडा म्हणजे वाळत चाललेला, रक्तपुरवठा तुटलेला, प्राणवायू नसलेला मांसाचा तुकडा. तिथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. ते विष मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यापर्यंत चढतं आणि स्नायूंना ‘आता सैल हो’ असा निरोप देणारी यंत्रणाच बंद पाडतं. मग प्रत्येक हालचालीचं रूपांतर आकड्यात होतं.

सटवीची पूजा पाचव्या-सहाव्या दिवशी का, याबद्दल अनेक तर्क आहेत आणि मी त्यात पडणार नाही. पण बाळाच्या आयुष्यातली ती रात्र धोक्याची आहे, एवढं आपल्या आज्यांना कुणी वैद्यकशास्त्र न शिकवता ठाऊक होतं.

यावरचा इलाज दोन बाजूंनी येतो. एक बाजू आईच्या दंडातून. गरोदर बाईला टीटीची लस दिली की तिच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि वारेतून बाळाकडे जातात. बाळ जन्मतं ते आईकडून उसनी घेतलेली ही ढाल घेऊन. १९६१ साली न्यू गिनीत आणि १९६६ साली कोलंबियात झालेल्या अभ्यासांनी हे दाखवून दिलं. दोन डोस मिळालेल्या आयांच्या बाळांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे ९४ टक्क्यांनी कमी होतात, असा नंतरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब आहे. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं आणि दुसरा डोस बाळंतपणाच्या किमान दोन आठवडे आधी व्हावा लागतो, कारण शरीराला प्रतिद्रव्यं तयार करायला आणि ती वारेपार पाठवायला तेवढा वेळ हवा. आठव्या महिन्यात माहेरी आलेल्या मुलीचं नाव तेव्हा कुठे नोंदलं गेलं, तर पहिला डोस होतो पण दुसरा वेळेत बसत नाही. पूर्वी डोस झालेलेच नसतील, तर तिचं बाळ कागदावर ‘लसीकरण सुरू’ आणि प्रत्यक्षात उघडं. आता टीटीची जागा टीडीने घेतली आहे. तिच्यात घटसर्पाचाही अंश असतो, बाकी वेळापत्रक बहुतांशी तेच. मागच्या तीन वर्षांतल्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील, तर या खेपेला एकच पुरतो.

दुसरी बाजू सुईणीच्या हातातून. आपल्याकडे दाई प्रशिक्षणात ‘पाच स्वच्छता’ शिकवल्या जात: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही न लावणं. पहिल्या चार गोष्टी पुडक्यात भरून देता येतात. साबण, प्लास्टिकचा तुकडा, ब्लेड, दोरा असलेली तशी पुडकी वाटलीही गेली. पाचवी मात्र पुडक्यात बसत नाही. नाळ कोरडी ठेवून वाट बघायची, हे सांगणं सर्वांत कठीण, कारण ‘काही लावलंच नाही’ हे घरातल्या मोठ्या बाईला निष्काळजीपणासारखं वाटतं. नवं ब्लेड वापरून वर राख चोळली तर ब्लेडचा सगळा फायदा राखेत गेला. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणं दवाखान्याकडे वळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली संस्थेतली बाळंतपणं साधारण ३९ टक्के होती, २०१५-१६ साली ती ७९ टक्क्यांवर गेली.

आता या आजाराचा मूळ पेच. देवीचा रोग जगातून गेला, कारण तो माणसाकडून माणसाकडे जाई. साखळी तुटली की विषाणू संपला. धनुर्वात कुणाकडून कुणाकडे जातच नाही. गावात नव्याण्णव बायकांनी लस घेतली तरी शंभरावीला त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि जमिनीतले बीजाणू कोणतीही मोहीम पुसून टाकू शकत नाही. म्हणून याबाबतीत ‘निर्मूलन’ हा शब्द एका ठरावीक अर्थाने वापरतात: देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात, वर्षभरात, दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. देशाची सरासरी चालत नाही. मातांच्या धनुर्वाताची वेगळी मोजणी होत नाही. त्यालाही हेच उपाय लागू पडतात, म्हणून बाळांचा आकडा आईचाही मानला जातो.

वर्षाला चाळीस हजार जन्म होणारा एक जिल्हा कल्पून बघा. मर्यादा म्हणजे चाळीसपेक्षा कमी रुग्ण. जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीत तीन सापडले. जिल्हा पास झाला का? सांगता येत नाही, कारण हा आजार झालेलं बाळ बहुधा घरीच जातं, घराच्या मागेच पुरलं जातं, जन्माची नोंद झालेली नसते तर मृत्यूची कुठून होणार. कागदावरचं शून्य दोन प्रकारचं असतं: आजार नाही म्हणून, आणि कुणी बघितलंच नाही म्हणून. दोन्ही शून्यं वहीत सारखीच दिसतात.

म्हणून तपासणारे आधी बाजूचे पुरावे बघतात. किती बाळंतपणं प्रशिक्षित हातांनी झाली, किती गरोदर बायकांना दोन किंवा अधिक डोस मिळाले. या दुसऱ्या आकड्यात एक खोट आहे. लहानपणापासून पाच डोस झालेल्या बाईला या खेपेला डोस लागला नाही, तर ती आकड्यात ‘वंचित’ दिसते. उपाय सोपा आहे. दीड महिन्याचं बाळ पहिल्या पेंटाव्हॅलंटसाठी आलं की सिस्टरने आईचं कार्ड बघायचं, कार्ड नसेल तर विचारायचं: ‘ताई, या खेपेला दंडावर किती इंजेक्शनं झाली? आधीच्या खेपेला? शाळेत असताना?’ उत्तरांवरून हे बाळ जन्मताना संरक्षित होतं की नव्हतं ते ठरतं. जिल्ह्यात अशी बाळं किमान ऐंशी टक्के असावीत, अशी अपेक्षा असते.

मग राज्यातला या निकषांवर सर्वांत वाईट जिल्हा निवडतात आणि तिथेच घरोघर जातात. तो पास झाला तर बाकीचे पास धरायचे. वाईटातला वाईट निवडण्यातच या पद्धतीची सगळी ताकद आहे, आणि निवड चुकली तर सगळा डाव फसतो. पाहणीत वर्षभरात जन्मलेली बाळं शोधतात, पण ते वर्ष पाहणीच्या महिनाभर आधी संपवतात, म्हणजे प्रत्येक बाळाचे अठ्ठावीस दिवस पूर्ण झालेले असतात. जिथे बाळ गेलं, तिथे आईजवळ बसून विचारतात: कितव्या दिवशी दूध सोडलं, त्याआधी रडत होतं का, अंग कसं होतं, नाळ कशाने कापली, वर काय लावलं. दगावलेल्या बाळाबद्दल एका अनोळखी माणसाशी बोलणं सोपं नाही. पुष्कळदा ‘पोरगी झाली होती, गेली’ एवढंच उत्तर मिळतं, आणि काही घरांत तेवढंही नाही.

म्हणून पाहणीचीही पाहणी करतात. सापडलेले जन्म लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहेत का? मुलींचे जन्म मुलांपेक्षा संशयास्पद कमी आहेत का? नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारामागे तीस-चाळीस असायला हवं तिथे पाच-सातच निघालं का? तसं असेल तर धनुर्वाताचं शून्य कितीही सुंदर दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

मग गणित. खरा दर बरोबर हजारात एक असलेल्या जिल्ह्यात हजार जन्म तपासले, तरी एकही मृत्यू न सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. तीन हजार तपासले तर ती ५ टक्क्यांवर येते. म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने घेण्याची रीत आहे: पहिल्या टप्प्यात एकही मृत्यू नाही तर पास, ठरल्यापेक्षा जास्त तर नापास, मधला आकडा आला तर पुन्हा बाहेर पडा आणि आणखी घरं बघा. पहिल्या टप्प्यातला पास नुसत्या नशिबाचाही असू शकतो. बाजूचे पुरावे आणि वाईटातल्या वाईट जिल्ह्याची निवड सोबत असते म्हणूनच तो निकाल ग्राह्य धरतात.

भारतात आंध्र प्रदेश २००३ साली पहिल्यांदा या चाळणीतून गेला. एकेक राज्य करत शेवटी नागालँड आलं, २०१५ च्या एप्रिलमध्ये, आणि मे महिन्यात देशाचं निर्मूलन जाहीर झालं. गंमत अशी की २०१५-१६ च्या पाहणीत नागालँडमध्ये संस्थेतली बाळंतपणं जेमतेम ३३ टक्के होती. म्हणजे दवाखान्याचा आकडा लहान असूनही आजार मर्यादेखाली असू शकतो, आणि उलटही होऊ शकतं.

प्रमाणपत्राला मुदत नसते, प्रतिद्रव्यांना असते. दोन डोसांचं संरक्षण साधारण तीन वर्षं टिकतं, तिसऱ्याने पाच, चौथ्याने दहा, पाचव्यानंतर मूल होण्याच्या वयापर्यंत पुरतं. बाळाची उसनी ढालही काही महिन्यांत विरते. आपल्या वेळापत्रकात बाळपणीचे तीन पेंटाव्हॅलंट, दीड आणि पाच वर्षांचे बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी असे डोस आहेत. मुलीने हे सगळे घेतले तर पहिल्या गरोदरपणाआधीच ती सुरक्षित होते. सोळाव्या वर्षाचा डोस मात्र बहुधा शाळेत दिला जातो. दहावीआधी शाळा सुटलेल्या, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या मुलीचं नाव त्या यादीत नसतं, आणि पुढे बाळंतपण घरी किंवा कोपीवर होण्याची शक्यताही तिचीच जास्त.