पाणीपुरवठा योजनेचे मूल्यमापन : टाकीपासून अखेरच्या नळापर्यंत

टाकी बांधून झाली व नळ घरोघरी पोहोचले, म्हणजे योजना सफल झाली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः बांधकाम हे साधन होय. घरात पुरेसे व शुद्ध पाणी येणे हे त्याचे फळ होय. या दोहोंतील अंतर मोजण्यासाठी तार्किक आराखडा नावाचे एक कोष्टक वापरतात. ही पद्धत अमेरिकेच्या परदेश-साहाय्य संस्थेसाठी १९६९ च्या सुमारास तयार करण्यात आली.

कोष्टकात चार ओळी असतात व ती खालून वर वाचावयाची असतात. तळाशी निविष्टा, म्हणजे पैसा, नळ, पंप व मजुरी. तिच्यावर फलित, म्हणजे विहीर, टाकी व नळजोडण्या. त्यावर निष्पत्ती, म्हणजे प्रत्येक घरास प्रत्यक्ष मिळणारे पाणी. आणि माथ्यावर उद्दिष्ट, म्हणजे जुलाब, कावीळ यांसारख्या रोगांत घट. प्रत्येक ओळीस चार रकाने असतात : काय साधावयाचे, ते कोणत्या निदर्शकाने ओळखावयाचे, तो कोठे पडताळावयाचा, आणि वरची पायरी गाठण्यासाठी काय गृहीत धरले आहे.

उदाहरणादाखल १,२०० लोकवस्तीचे गाव घ्यावे. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने त्यास रोज ६६,००० लिटर पाणी हवे. टाकीच्या मीटरवर ७२,००० लिटरची नोंद होते. तेव्हा फलिताची ओळ पुरी झाली. आता निष्पत्ती पाहावी. वाहिनीच्या अखेरच्या घरी १५ लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावावे. बादली भरण्यास ५ मिनिटे लागली व पाणी तासभरच आले, तर त्या घरास १८० लिटर मिळाले. पाच माणसांच्या कुटुंबात ते माणशी ३६ लिटरच पडते. गावाच्या सरासरीने ही तूट झाकली होती.

तिचे कारण बहुधा चौथ्या रकान्यात सापडते. ‘नळांना तोट्या राहतील, कोणी नळास थेट मोटार लावणार नाही,’ हे गृहीत धरलेले असते. ते खोटे ठरले की पाणी वरच्या आळीतच संपते. अशा वेळी तोट्या बसवाव्या, मोटारी काढाव्या, झडपा लावून आळीवार पाळीने पाणी सोडावे व पुन्हा मोजावे.

शुद्धतेचेही असेच आहे. टीसीएल पावडरीची पावती ही केवळ निविष्टेची खूण होय. अखेरच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ओटी चाचणीत टाकीजवळ पिवळा रंग आला व अखेरच्या घरी आला नाही, तर मात्रा अपुरी आहे किंवा वाटेत गळतीतून घाण शिरते, असे समजून वाहिनी तपासावी.

ही मोजमापे मे महिन्यात अवश्य घ्यावी. पावसाळ्यानंतरच्या भरल्या विहिरीवरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. रोग्यांची संख्या मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडावी. मात्र ती घटली नाही, तरी दोष एकट्या योजनेचा मानू नये; शौचालयाचा वापर व हात धुण्याची सवय ही गृहीतकेही त्याच कोष्टकात तपासावी लागतात.