बीमची खोली कुठून मोजली?

नव्या साइट इंजिनिअरने सिनिअरला पाठवलेली मेल बहुतेकदा एका ओळीची असते: ‘सर, शीट जोडली आहे, कृपया तपासा.’ अशा मेलला उत्तर देणं कठीण, कारण आकडे दिसतात पण ते कशावरून आले ते दिसत नाही. एका लहान बंगल्याचं उदाहरण घेऊ. इथल्या मुलाने मात्र मेल जरा लांब लिहिली आहे:

‘सर, पहिल्या मजल्याच्या स्लॅबचं काँक्रीट 19.34 घनमीटर येतंय. आरसीसी ड्रॉइंगची दुसरी सुधारित प्रत वापरली. स्लॅब बाहेरून बाहेर 12 बाय 9 मीटर, जाडी 125 मिलिमीटर. जिन्याची मोकळी जागा 11.25 चौरस मीटर वजा केली. पाइपांसाठीचं 30 बाय 30 सेंटिमीटरचं भोक वजा केलं नाही. बीमची एकूण लांबी 70 मीटर, जोड एकदाच मोजलेत. सळईची जागा वजा केलेली नाही. हे बरोबर धरलंय का?’

या मेलमुळे सिनिअरचं निम्मं काम झालं. भोक 0.09 चौरस मीटरचं आहे आणि मोजमापाच्या भारतीय मानकानुसार 0.1 पर्यंतची भोकं वजा करत नाहीत. सळईची जागाही वजा करायची नसते. स्लॅबचे 12.09 घनमीटर जुळतात. एक गोष्ट मात्र मेलमध्ये नाही: बीमची खोली कुठून मोजली? सिनिअर शीटमधल्या त्या खान्यावर जातात.

```
=70*0.23*0.45
```

230 बाय 450 चा बीम ड्रॉइंगवर तसाच लिहिलेला असतो, पण त्या 450 मध्ये वरची 125 ची स्लॅबही येते. स्लॅब बाहेरून बाहेर मोजली, म्हणजे बीमच्या डोक्यावरचं काँक्रीट तिच्यात आधीच धरलं गेलं. म्हणून बीमसाठी खालचे 325 मिलिमीटरच उरतात. 7.25 चे 5.23 होतात आणि एकूण आकडा 17.33 वर येतो. दोन घनमीटरचा फरक म्हणजे सहा घनमीटरच्या मिक्सर गाडीचा तिसरा भाग. बिलात तो गेला तर मालकाच्या खिशातून जातो. मागवला तर गाडीत उरलेला माल घट्ट व्हायच्या आत कुठे ओतायचा, हा प्रश्न उभा राहतो.

नासाडीचे टक्के या शीटमध्ये मिळवायचे नाहीत, हेही सिनिअर लिहितात. बिल ड्रॉइंगच्या मापावर होतं. पंपाच्या पाइपात अडकणारा आणि सांडणारा माल मागणीच्या हिशेबात धरायचा. 17.33 ला तीन गाड्या, म्हणजे 18 घनमीटर, जेमतेम पुरतात. कमी पडलं तर चौथी गाडी येईपर्यंत कडेचं काँक्रीट घट्ट होऊन सांधा पडायची भीती. म्हणून उत्तराच्या शेवटी सूचना आहे: दुसरी गाडी रिकामी होत आली की उरलेला भाग टेपने मोजायचा, सेंटरिंग दबून स्लॅब कुठे जाड झाली का ते पाहायचं, आणि मगच तिसऱ्या गाडीत किती भरायचं ते प्लांटला फोन करून सांगायचं.