‘दिनांक’चा fnukad का होतो?

आमच्या सोसायटीच्या चिटणीस काकांनी गेल्या वर्षी वार्षिक सभेची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. जुन्या वर्ड फाइलमधला मजकूर उचलला, ग्रुपवर चिकटवला आणि पाठवून दिला. ग्रुपवर जे उमटलं त्याची सुरुवात fnukad अशी होती आणि पुढेही सगळं तसंच. पाचच मिनिटांत कुणीतरी विचारलं, “काका, फोन हॅक झाला का?” काकांनी तीच सूचना आणखी दोनदा पाठवली. ती आणखी दोनदा तशीच उमटली. “माझ्याकडे वर्डमध्ये तर स्वच्छ मराठी दिसतंय,” असं ते म्हणत राहिले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

गोष्ट अशी होती की काकांच्या फाइलमध्ये मराठी नव्हतंच. ती फाइल ‘कृतिदेव’ या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. n च्या जागी द चा आकार, u च्या जागी न, d च्या जागी क, k म्हणजे काना, a म्हणजे अनुस्वार आणि f म्हणजे पहिली वेलांटी. टाइप करणारा fnukad टाइप करतो आणि पडद्यावर ‘दिनांक’ दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ती सहा इंग्रजी अक्षरंच असतात, मराठीचा सदरा घातलेली. वर्डच्या फाइलमध्ये अक्षरांबरोबर फॉन्टचं नावही साठवलेलं असतं, म्हणून तिथे सदरा टिकतो. व्हॉट्सॲप आपण चिकटवलेल्या मजकुराचा फॉन्ट घेत नाही, फक्त अक्षरं घेतं. सदरा दारातच उतरतो.

युनिकोडमध्ये असं होत नाही, कारण तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. द चा क्रमांक २३४२. फोन कुठलाही असो, फॉन्ट कुठलाही असो, २३४२ म्हणजे द. काकांच्या फाइलमधल्या ‘द’चा क्रमांक होता ११०, आणि ११० म्हणजे n.

तुमच्या हातातली फाइल यातली कुठली, हे अर्ध्या मिनिटात कळतं. एखादी ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसला तर फॉन्ट जुना आहे. मग Ctrl+Z दाबून पूर्वस्थितीला या आणि वरच्या चौकटीतलं फॉन्टचं नाव लिहून घ्या. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं, आणि पुढच्या कामाला ते नावच लागतं.

पुढचं काम म्हणजे रूपांतर. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या मजकुराला चालत नाही, कारण प्रत्येक घराण्याने आकार आपापल्या मनाने बसवलेले आहेत. ‘शोधा आणि बदला’ वापरून एकेक अक्षर बदलू, असं काहींना वाटतं. तेही जमत नाही. ‘दिनांक’मध्ये f आधी येतो आणि n नंतर, म्हणजे वेलांटी आधी आणि द नंतर, जसं कागदावर दिसतं तसं. युनिकोडला द आधी लागतो. रफाराचं तर याच्या उलट. ‘कार्यालय’ कृतिदेवमध्ये dk;kZy; असं असतं. त्यातला Z हा रफार य आणि त्याचा काना झाल्यावर येतो, आणि युनिकोडमध्ये तो य च्या आधी हवा. चांगला कन्व्हर्टर ही हलवाहलव करतो. म्हणून रूपांतर झाल्यावर सगळ्यात आधी वेलांट्या आणि रफार तपासावेत.

काकांची सूचना रूपांतरित केली तेव्हा मराठी नीट आली, पण सोसायटीचा ईमेल पत्ता वाचण्यापलीकडे गेला. कन्व्हर्टरला खरं इंग्रजी आणि सदरा घातलेलं इंग्रजी यांतला फरक कळत नाही. Pune हा शब्द त्याच्या हातून ‘च्नदम’ होऊन बाहेर पडतो. पत्त्यातलं टिंब ‘ण्’ होतं. तेव्हा इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते आधी बाजूला काढून ठेवावेत आणि नंतर परत बसवावेत. आम्ही हे शिकलो ते ती सूचना चौथ्यांदा पाठवल्यावर.

मजकूर बिघडण्याचा दुसरा प्रकार दिसायला अगदी वेगळा असतो. ईमेलमध्ये ‘मराठी’च्या जागी à¤®à¤°à¤¾ असलं काहीतरी दिसतं आणि à¤ ची जोडी पुन्हा पुन्हा येत राहते. इथे मजकूर अस्सल युनिकोड असतो, फक्त वाचणाऱ्याची चूक झालेली असते. UTF-8 या पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षर तीन बाइटांत साठवलं जातं. जुन्या पद्धतीचा प्रोग्राम त्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र युरोपी अक्षर समजतो आणि एका म ची तीन अक्षरं करतो. फाइल जोडलेली असेल तर ती वर्डमध्ये उघडताना UTF-8 निवडा, मराठी परत येते. चिकटवलेल्या कचऱ्यातून उलटा प्रवास करणं मात्र बेभरवशाचं. हलन्त, झ, ए आणि ऐ यांचा शेवटचा बाइट त्या युरोपी तक्त्यात रिकाम्या जागी पडतो. भ चा शेवटचा बाइट न दिसणारी संयोगरेषा होतो आणि ठ चा एक वेगळ्या जातीची मोकळी जागा. चिकटवताना यातलं काहीही गळू शकतं. हलन्त गेला की सगळी जोडाक्षरं गेली. म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फाइलवर करावी, नसेल तर ती मागवून घ्यावी.

प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र आशा सोडा. ‘मराठी’ दिसायला तीन अक्षरं, पण जागी उमटतात पाच प्रश्नचिन्हं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. कुणीतरी मजकूर जुन्या ANSI पद्धतीने साठवला आणि प्रोग्रामने प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी खरोखरच ? लिहून टाकलं. तिथे दडलेलं असं काही उरत नाही. रिकाम्या चौकोनांची भीती मात्र नको. मजकूर शाबूत असतो, फक्त त्या यंत्रावर मराठीचा फॉन्ट नसतो. या चौकोनांना इंग्रजीत गमतीने टोफू म्हणतात, आणि गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव त्या ‘नो टोफू’वरूनच आलं.

शेवटी एक खास आपला मराठी घोटाळा. ‘दऱ्या’ या शब्दातला र दोन रीतींनी टाइप होतो. एकीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. दुसरीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर साफ करणारे काही प्रोग्राम न दिसणारी चिन्हं काढून टाकतात, आणि मग सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. स्पेलचेकही गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर र हा J च्या कळीवर आहे. Shift धरून तीच कळ दाबली की ऱ येतो, आणि तो कुठेही चिकटवला तरी ऱ च राहतो.