अकरा ऑर्डरींचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात हिमरू शालींचं एखादं छोटं दुकान आहे असं समजा. सूत आणि रेशमाच्या मिश्र विणीची शाल, जोडीला स्टोल, घरच्याच मुलाने उभी केलेली वेबसाइट आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरी. दिवाळीच्या आधी दुकानाने दोन इन्फ्लुएन्सरना काम दिलं. एक वेरूळ-अजिंठ्याचे रील्स करणारा, त्याला २५,००० रुपये. दुसरी पुण्याहून साड्यांवर बोलणारी, तिला ८,०००. महिन्याभराने प्रश्न आला, कोणाच्या पैशाचं चीज झालं? दुकान आणि आकडे दोन्ही कल्पित आहेत, पण असा रिपोर्ट करायला बसलेल्या कोणालाही ही परिस्थिती ओळखीची वाटेल.

मोजायला साधनं दोन. पहिलं म्हणजे प्रोमो कोड. इथे प्रवासवाल्याचा VERUL10 आणि साडीवालीचा NESAN10, दोन्हींवर दहा टक्के सूट. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन जाहिराततज्ज्ञ क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात कूपनवर खूण छापून कोणत्या जाहिरातीमुळे किती गिऱ्हाईक आलं हे मोजण्याची पद्धत मांडली होती. दुसरं साधन म्हणजे शेपूट जोडलेली लिंक:

```
https://example.in/himroo?utm_source=instagram
&utm_medium=influencer&utm_campaign=diwali
&utm_content=verul_story
```

(इथे जागेसाठी ओळी तोडल्या आहेत, प्रत्यक्षात ही एकच सलग ओळ असते.) यातलं utm म्हणजे अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल. अर्चिन ही कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली आणि तिच्या सॉफ्टवेअरमधूनच गूगल ॲनालिटिक्स उभं राहिलं. गिऱ्हाईक या लिंकवरून आलं की ॲनालिटिक्समध्ये ही शेपटी नोंदली जाते, आणि त्याच भेटीत खरेदी झाली तर ऑर्डर त्या स्टोरीच्या नावावर पडते.

अडचण ‘त्याच भेटीत’ या शब्दांत आहे. इन्स्टाग्रामवरची लिंक बहुतेक वेळा इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. बाई शाल बघते, आवडते, पण खरेदी रात्री क्रोममध्ये साइट शोधून करते. आतल्या ब्राउझरमधली कुकी तिथे पोहोचत नाही, त्यामुळे लिंकचा माग तुटतो. कोड मात्र तिच्या लक्षात असतो. उलटही घडतं. कोणी लिंकवरून येतं, घाईत कोड टाकायला विसरतं आणि पूर्ण किंमत मोजतं. म्हणून कोड आणि लिंक यांचे आकडे कधीच जुळत नाहीत. ते जुळावेत ही अपेक्षाही चुकीची आहे, कारण दोघांच्या जाळ्याला वेगवेगळ्या जागी भोकं आहेत.

आता प्रवासवाल्याच्या रीलचा हिशेब. कोडवर ९ ऑर्डरी, लिंकवर ६. रिपोर्टमध्ये सर्रास १५ लिहिलं जातं, आणि इथेच पहिली मोठी चूक होते. ऑर्डर क्रमांक समोरासमोर ठेवले तर ४ ऑर्डरी दोन्ही याद्यांत सापडतात, म्हणजे खऱ्या वेगळ्या ऑर्डरी ११. साडीवालीच्या कोडवर ५, लिंकवर ४, सामाईक ३, म्हणजे एकूण ६. हे जुळवणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळलेल्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नये.

या सामाईक चारांत आणखी एक माहिती दडलेली आहे. नाथसागरात मासे किती हे सगळे न पकडता सांगायचं असेल तर काही मासे पकडून खूण करून सोडतात आणि पुन्हा जाळं टाकल्यावर त्यात किती खुणेचे आले ते बघतात. डेन्मार्कचे पीटरसन आणि अमेरिकेचे लिंकन यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. इथे कोड हे पहिलं जाळं आणि लिंक हे दुसरं. लिंकच्या सहा ऑर्डरींपैकी चार कोडलाही सापडल्या, म्हणजे कोडच्या जाळ्यात साधारण दोन तृतीयांश ऑर्डरी येतात. कोडच्या ९ वरून एकूण अंदाज निघतो साडेतेरा. म्हणजे दोन-तीन ऑर्डरी दोन्ही जाळ्यांतून निसटल्या असाव्यात. मात्र ही रीत दोन्ही जाळी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरते. लिंक दाबणाऱ्याला कोडही डोळ्यांसमोर दिसत असतो, त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. तेव्हा साडेतेरा ही वेबसाइटवरच्या ऑर्डरींची खालची बाजू समजायची.

मग प्रवासवाला जिंकला का? ११ आणि ६ यांतला फरक डोळ्यात भरतो खरा. पण १७ नाणी उडवली तर कोणत्यातरी एका बाजूला ११ किंवा जास्त पडण्याची शक्यता सुमारे तीनात एक आहे. दोघेही सारख्याच ऑर्डरी आणतात असं धरलं, तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसू शकतो. शिवाय खर्च बघा. प्रवासवाल्याची एक ऑर्डर सुमारे २,२७० रुपयांना पडली, साडीवालीची सुमारे १,३३०. इथे ती पुढे दिसते. पण इतक्या थोड्या ऑर्डरींची अनिश्चितता धरली तर पहिला आकडा १,३०० ते ४,५०० च्या दरम्यान कुठेही असू शकतो आणि दुसरा ६०० ते ३,६०० च्या. दोन पट्टे एकमेकांवर एवढे चढलेले असताना ‘साडीवाली स्वस्त’ हे वाक्य रिपोर्टमध्ये लिहिणं म्हणजे दुकानदाराची फसवणूक आहे. ‘अजून ठरवता येत नाही’ हे लिहायला धीर लागतो, पण इथे तेच खरं उत्तर आहे.

याहून अवघड प्रश्न म्हणजे, ही गिऱ्हाइकं तशीही आली असती का? ईबेने २०१२ साली काही ठिकाणी आपल्याच नावाच्या सर्च जाहिराती बंद करून पाहिल्या. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार, जाहिरातीतून येणारे जवळजवळ सगळेच लोक साध्या शोधातून येऊन पोहोचले. कोडबाबत हा धोका आणखी सरळ आहे. पैसे भरायच्या पानावर कोडची रिकामी चौकट दिसली की गिऱ्हाईक दुसऱ्या टॅबमध्ये कोड शोधतं. कूपनच्या साइटवर पोहोचलेला VERUL10 वापरणाऱ्याने ते रील पाहिलेलंही नसतं. हे ओळखता येतं. कोडच्या ऑर्डरींमध्ये जुने गिऱ्हाईक किती आहेत ते बघावं, आणि रीलचा जोर ओसरल्यावरही कोड रोज तेवढाच वापरला जात असेल तर तो फुटलाय असं धरावं. त्यावर उपाय म्हणजे कोडला मुदत घालणं आणि तो पहिल्या खरेदीपुरताच ठेवणं.

बाकी राहते ती वेबसाइटबाहेरची विक्री, आणि असल्या दुकानाची मोठी विक्री तिथेच असते. व्हॉट्सॲपसाठी इन्फ्लुएन्सरला अशी लिंक देता येते, कोनी कंसाच्या जागी दुकानाचा नंबर टाकून:

```
https://wa.me/<number>?text=VERUL10
```

ती दाबली की मेसेजमध्ये कोड आधीच लिहिलेला असतो. गिऱ्हाईक तो पुसून ‘शाल आहे का’ असंही लिहील, पण बरेचजण तसाच पाठवतात. गल्ल्यावर मात्र यंत्र नाही. तिथे बिल करताना ‘कुठून कळलं?’ हा एकच प्रश्न प्रत्येकाला, सुट्टीच्या गर्दीतही, न चुकता विचारावा लागतो आणि उत्तर बिलावर लिहावं लागतं. फक्त निवांत वेळी विचारलं तर शनिवार-रविवारचे पर्यटक मोजणीतून सुटतात, आणि प्रवासवाल्याचं रील बघून आलेले लोक नेमके तेच असतात.

ऑर्डरी मोजक्याच असल्या तर वरच्या पायरीवरचे आकडेही ठेवावेत. किती जणांनी शालीचं पान उघडलं, किती जणांनी ती कार्टमध्ये टाकली, किती जणांनी व्हॉट्सॲपवर भाव विचारला. हे आकडे शेकड्यांत असतात, त्यामुळे दोघांतला फरक लवकर दिसतो. अट एकच आहे. भाव विचारणाऱ्या दहांपैकी किती जण शेवटी घेतात हे प्रमाण आधीच्या महिन्यांच्या नोंदींतून माहीत असावं, आणि ते दोन्ही इन्फ्लुएन्सरच्या गिऱ्हाइकांत सारखंच आहे हे तपासावं. वेरूळच्या वाटेवर सहज भाव विचारणारा आणि लग्नासाठी शाल शोधणारी बाई यांचं प्रमाण सारखं निघेलच असं नाही. म्हणून आपल्या दुकानाने दिवाळीच्या रिपोर्टमध्ये ११ आणि ६ हे आकडे त्यांच्या पट्ट्यांसकट लिहावेत, चौकशा वेगळ्या रकान्यात ठेवाव्यात, आणि लग्नसराईत त्याच दोघांना तेच कोड नव्याने, मुदतीसह देऊन दोन्ही वेळच्या ऑर्डरी एकत्र मोजाव्यात.